नव्या नोकरीत रजा कशी साठते आणि सहा महिन्यांनी बाकी किती उरते

नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं, ‘वर्षाला 18 भरपगारी रजा’. याचा अर्थ पहिल्याच दिवशी 18 रजा हातात पडतात असा नसतो. बहुतेक ठिकाणी त्या महिन्या-महिन्याने साठतात. 18 भागिले 12, म्हणजे महिन्याला दीड. मग नवा माणूस मनातल्या मनात सरळ हिशेब करतो: सहा महिने झाले, नऊ रजा साठल्या, मी पाच घेतल्या, चार उरल्या. पोर्टल उघडून बघतो तर भलताच आकडा असतो, आणि एचआरला पाठवलेल्या ईमेलला उत्तर येतं की सिस्टीममध्ये दिसतंय ते बरोबर आहे.

बऱ्याचदा ते खरंच बरोबर असतं. फक्त या हिशेबात नुसती एकूण बेरीज आणि एकूण वजाबाकी चालत नाही. रजेचं खातं बँकेच्या पासबुकासारखं असतं: ज्या दिवशी पैसे काढायला गेलात त्या दिवशी खात्यात किती होते, हे महत्त्वाचं. महिनाअखेरीला पगार जमा होणार आहे म्हणून वीस तारखेचा चेक वटत नाही.

एक उदाहरण तारखांसकट करून बघू. समजा तुम्ही 12 मार्चला रुजू झालात. वर्षाला 18 रजा, महिन्याला दीड, आणि ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होते. रजा अपुरी पडली तर उरलेले दिवस बिनपगारी, म्हणजे खाडा. ज्या महिन्यात खाडा झाला त्या महिन्याची रजा पगारी दिवसांच्या प्रमाणात मिळते, आणि येणारा आकडा जवळच्या अर्ध्यापर्यंत नेला जातो. असे नियम अनेक ठिकाणी असतात. वेगळे असले तर काय होतं ते पुढे बघूच.

सुरुवात मार्चपासून. 12 ते 31 मार्च म्हणजे किती दिवस? इथे पहिली चूक होते. 31 वजा 12 बरोबर 19 असं लोक धरतात, पण 12 तारखेला तुम्ही कामावर होतात, तेव्हा दिवस 20 झाले. 31 पैकी 20 दिवस, गुणिले दीड, म्हणजे 0.97. जवळच्या अर्ध्यापर्यंत नेलं तर एक रजा. हाच आकडा खाली ओढणारी कंपनी असेल तर मात्र अर्धीच मिळेल, कारण 0.97 हा एकाला टेकलेला असला तरी एक नाही. काही ठिकाणी दिवस मोजतच नाहीत. 15 तारखेपर्यंत रुजू झालात तर महिन्याची पूर्ण दीड, 16 पासून पुढे काहीच नाही. हा नियम चालवायला सोपा आहे, पण एका दिवसाच्या फरकाने दीड रजा जाते, म्हणून रुजू होण्याची तारीख आपल्या हातात असेल तर तो आधी वाचून घ्यावा. आपल्या उदाहरणात 31 मार्चला खात्यात एक रजा आहे.

16 आणि 17 एप्रिलला तुम्ही दोन दिवस आला नाहीत. खात्यात एकच. म्हणून एक दिवस भरपगारी आणि एक दिवस खाडा. ‘पण एप्रिलची दीड रजा होतीच की’ असं इथे हमखास म्हटलं जातं. होती, पण ती 30 तारखेला जमा होणार होती. 16 तारखेला ती नव्हती. 30 तारखेला जमा करताना सिस्टीम खाडा वजा करून बघते: 30 पैकी 29 दिवस पगारी, गुणिले दीड, म्हणजे 1.45. जवळचा अर्धा म्हणजे दीडच. एका दिवसाच्या खाड्याने साठवणीत काही घट झाली नाही, पगार मात्र एका दिवसाचा कापला गेला.

मे महिना पूर्ण भरला. 31 मे रोजी शिल्लक तीन. जूनमध्ये ताप आला, तीन दिवस घरी. आपल्या उदाहरणात आजारपणाच्या रजा वेगळ्या नाहीत असं धरू, म्हणून याच खात्यातून तिन्ही गेल्या आणि पगार पूर्ण मिळाला. शिल्लक शून्य. 30 जूनला दीड आली. जुलैमध्ये घरी काम निघालं आणि गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत सुट्टी घ्यावी लागली. शनिवार-रविवार साप्ताहिक सुट्टी धरली तर कामाचे पाच दिवस बुडाले. खात्यात दीड. म्हणून दीड भरपगारी, साडेतीन खाडा. जुलैअखेरीला 31 पैकी 27.5 दिवस पगारी, गुणिले दीड, 1.33, म्हणजे पुन्हा दीडच. ऑगस्टमध्ये एकही दांडी नाही.

सगळं एका ठिकाणी मांडलं तर असं दिसतं:

| तारीख | काय झालं | खाडा | शिल्लक |
|---|---|---|---|
| 31 मार्च | 1 जमा | – | 1 |
| 16-17 एप्रिल | 2 दिवस गैरहजर | 1 | 0 |
| 30 एप्रिल | 1.5 जमा | – | 1.5 |
| 31 मे | 1.5 जमा | – | 3 |
| जून | 3 दिवस गैरहजर | – | 0 |
| 30 जून | 1.5 जमा | – | 1.5 |
| जुलै | 5 दिवस गैरहजर | 3.5 | 0 |
| 31 जुलै | 1.5 जमा | – | 1.5 |
| 31 ऑगस्ट | 1.5 जमा | – | 3 |

आता तोच मनातला सरळ हिशेब करू. एकूण जमा साडेआठ. एकूण गैरहजेरी दहा दिवस. बाकी उणे दीड. पोर्टलवर मात्र अधिक तीन दिसतात! चूक कुठेच नाही. दहापैकी साडेचार दिवसांची किंमत तुम्ही पगारातून आधीच मोजली आहे, म्हणून ते दिवस रजेच्या खात्यातून गेलेच नाहीत. पडताळायला एकच ओळ पुरते:

```
शिल्लक = एकूण जमा − एकूण गैरहजेरी + एकूण खाडा
3 = 8.5 − 10 + 4.5
```

माझं मत असं की नव्या माणसाने शिल्लक एकटी बघूच नये. तिच्या शेजारी खाड्याचा आकडा ठेवल्याशिवाय तिला काही अर्थ नाही. आणि हे का, ते नियम थोडे बदलले की चांगलं दिसतं. माणूस तोच, दांड्या त्याच, जमा रजाही तेवढीच साडेआठ.

समजा रजा महिनाअखेरीऐवजी महिन्याच्या पहिल्या दिवशी जमा होते, आणि मार्चची एक रजा रुजू झाल्याच दिवशी मिळाली. एप्रिलमध्ये दांडी पडली तेव्हा खात्यात अडीच होत्या, दोन गेल्या, अर्धी उरली, खाडा नाही. जूनमध्ये साडेतीन होत्या, तीन गेल्या. जुलैमध्ये फक्त दोन उरल्या होत्या, म्हणून तीन दिवस खाडा. ऑगस्टअखेर शिल्लक दीड. ही शिल्लक आधीच्या तीनपेक्षा कमी, आणि तरी तुमचं नुकसान कमी, कारण साडेचारऐवजी तीनच दिवसांचा पगार कापला गेला.

समजा तुमच्याकडे आगाऊ रजा देतात, म्हणजे खातं उणेत जाऊ देतात. मग खाडा कधीच झाला नाही, सगळे पगार पूर्ण आले, आणि ऑगस्टअखेर पोर्टलवर उणे दीड. लाल अक्षरातला तो आकडा बघून माणूस घाबरतो, पण खिशाच्या दृष्टीने आतापर्यंत हाच सगळ्यांत सुखी.

आता उलट टोक. समजा प्रोबेशनच्या पहिल्या सहा महिन्यांत रजा साठते पण वापरता येत नाही. दहाचे दहा दिवस खाडा. साठवण पगारी दिवसांच्या प्रमाणात मोजली तरी या उदाहरणात ती कमी होत नाही. जुलैत पाच दिवस खाडा धरून 1.26 येतात, आणि अर्ध्यापर्यंत नेलं की दीडच. ऑगस्टअखेर शिल्लक थेट साडेआठ! पोर्टल बघून वाटावं काय भरभक्कम खातं आहे. त्यासाठी दहा दिवसांचा पगार गेला, हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं.

चारही वेळा शिल्लकेतून खाडा वजा करून बघा. तीन वजा साडेचार, दीड वजा तीन, उणे दीड वजा शून्य, साडेआठ वजा दहा. दर वेळी उणे दीड. रजा कधी जमा होते आणि कधी वापरता येते यावरचे नियम फक्त एवढंच ठरवतात की तो बोजा रजेच्या खात्यावर किती पडावा आणि पगारावर किती.

प्रोबेशनबद्दल एक गोष्ट विचारून घ्यावी, कारण ‘प्रोबेशनमध्ये रजा नाही’ या वाक्याचे तीन अर्थ होतात. एक, रजा साठते पण कुलूपबंद असते, वर पाहिलं तसं. दोन, साठतच नाही, सातव्या महिन्यापासून मोजणी सुरू होते. तीन, आत्ता काही दिसत नाही, पण कायम झालात की रुजू तारखेपासूनची सगळी एकदम जमा होते. पहिल्या आणि तिसऱ्यात शेवटी फरक पडत नाही, दुसऱ्यात साडेआठच्या साडेआठ जातात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1970चा 132 क्रमांकाचा करार याच विषयावर आहे. तो स्वीकारणाऱ्या देशांत वर्षाच्या नोकरीला किमान तीन कामाचे आठवडे भरपगारी रजा द्यावी लागते, नोकरी वर्षापेक्षा कमी असेल तर त्या प्रमाणात, आणि रजेचा हक्क लागू होण्याआधी जी किमान नोकरी मागायची ती सहा महिन्यांपेक्षा जास्त असू नये. आजारपण, अपघात, बाळंतपण अशा हाताबाहेरच्या कारणाने झालेली गैरहजेरी नोकरीच्या काळात धरावी, असंही त्यात आहे. म्हणजे तापाच्या दिवसांमुळे पुढची साठवण कापू नये, असा त्याचा कल.

आता सँडविचकडे. जुलैच्या सुट्टीच्या पोटात एक शनिवार-रविवार होता. काही ठिकाणी दोन्ही बाजूंना रजा असेल तर मधली साप्ताहिक सुट्टीही रजाच मोजतात. मग पाचाचे सात दिवस होतात. खात्यात दीड, म्हणून खाडा साडेतीनऐवजी साडेपाच. इथे दुसरा फटकाही बसतो, आणि तो चटकन दिसत नाही. 31 पैकी आता 25.5 दिवसच पगारी, गुणिले दीड, 1.23. हा आकडा 1.25 च्या खाली घसरला, म्हणून जवळचा अर्धा आता दीड नाही, एक. जुलैची जमा एकच आली. ऑगस्टअखेर शिल्लक अडीच. पडताळा: जमा आठ, गैरहजेरी बारा, खाडा साडेसहा, बाकी अडीच. जुळलं.

म्हणजे पोर्टलवर फरक दिसतो फक्त अर्ध्या रजेचा, आणि प्रत्यक्षात त्यामागे दोन दिवसांचा पगारही गेलेला असतो. महिन्याची जमा दीडऐवजी एक दिसली तर ती गफलत असेलच असं नाही. त्या महिन्यात सँडविच लागलं का आणि खाडा पाच दिवसांच्या वर गेला का, ते आधी बघावं. सुट्टी आखतानाही याचा उपयोग होतो. मधल्या शुक्रवारी किंवा सोमवारी हजर राहिलात तर बहुतेक नियमांत साखळी तुटते.

सगळीकडे महिन्याचा ठरावीक दर असतो असंही नाही. काही व्यवस्थांमध्ये दर वीस दिवस प्रत्यक्ष काम केलं की एक रजा मिळते. तिथे खाड्याचा परिणाम लगेच दिसतो, आणि ‘प्रत्यक्ष काम’ यात भरपगारी रजेचा दिवस धरतात की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा असतो.

खऱ्या चुका होतात त्या मात्र या गणितात नाही, तारखांत होतात. पगाराचा हिशेब महिनाअखेरीच्या आधीच बंद करावा लागतो, समजा 25 तारखेला. जूनचा ताप 22 ते 24 तारखेला आला. तुम्ही आजारी, अर्ज राहिला, साहेबांनी मंजुरी दिली 2 जुलैला. 25 जूनला सिस्टीमला एवढंच दिसलं की तीन दिवस हजेरी नाही आणि मंजूर रजाही नाही. तिने तीन खाडे मारले. खात्यात तीन रजा तशाच पडून राहिल्या आणि जूनचा पगार तीन दिवसांनी कमी आला.

2 जुलैच्या मंजुरीनंतर हे उलटवायला हवं: तीन रजा खात्यातून जाव्यात आणि तीन दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून यावा. तसं झालं तर ऑगस्टचा हिशेब वरच्या तक्त्यासारखाच राहतो. पण मंजुरी रखडली आणि मध्ये जुलैची सुट्टी आली की गुंता होतो. तेव्हा खात्यात न गेलेल्या तीन आणि जूनची दीड मिळून साडेचार रजा दिसत होत्या. सिस्टीमने जुलैच्या पाच दिवसांपैकी साडेचार भरपगारी धरले आणि खाडा फक्त अर्धा. ऑगस्टमध्ये जूनची मंजुरी आली. आता जूनचे तीन खाडे रद्द, पण त्या तीन रजा जुलैत वापरून झाल्या आहेत. चांगली सिस्टीम जुलै पुन्हा मोजते आणि अर्ध्याचे साडेतीन खाडे करते. परिणामी पगाराच्या चिठ्ठीवर दोन ओळी येतात: एकीकडे तीन दिवसांचा पगार परत, दुसरीकडे तीन दिवसांचा पगार कापला. बघणाऱ्याला वाटतं एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पण हे बरोबर आहे, साडेआठ वजा दहा अधिक साडेचार, बाकी तीनच. या दोनपैकी एकच ओळ दिसली तर मात्र विचारायला हवं. विचारताना ‘माझ्या रजा कमी दिसतात’ असं न लिहिता महिना, तारखा, अर्जाची आणि मंजुरीची तारीख, आणि कुठल्या महिन्यात किती खाडा पडला ते लिहावं. एचआरच्या माणसाला तेवढ्यावर पाच मिनिटांत उत्तर देता येतं.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न, कारण उणे-अधिक शिल्लक तिथे पैशात उतरते. समजा ऑगस्टअखेर तुम्ही राजीनामा देऊन मोकळे झालात. आगाऊ रजेच्या नियमात उणे दीड असेल, तर अखेरच्या हिशेबात दीड दिवसाचा पगार वसूल होतो. अधिक शिल्लक असेल आणि रजेचे पैसे देण्याची पद्धत असेल, तर ते पैसे मिळतात, पण दर कोणता हे बघा. खाड्याचा दिवस बऱ्याचदा पूर्ण पगारावर कापला जातो आणि उरलेल्या रजेचा दिवस फक्त मूळ वेतनावर मोजला जातो. मग पहिल्या सहा महिन्यांत ज्याची रजा कुलूपबंद होती, त्याचे दहा दिवस महागात गेलेले असतात आणि साडेआठ दिवस स्वस्तात परत येतात. म्हणून तसा नियम असेल आणि नोकरी लवकर सोडायचा विचार असेल, तर कुलूप उघडल्यावर, आणि नोटिशीच्या काळात रजा घ्यायला परवानगी असेल तर तेव्हाही, साठलेली रजा जमेल तेवढी वापरून टाकणं पैसे घेण्यापेक्षा परवडतं.